माझी उत्तरपत्रिका कुठे गेली : ८ मे ते ३ सप्टेंबर

२०२५ च्या उन्हाळी परीक्षेत मी बी.कॉम.च्या शेवटच्या सत्राचे सहा पेपर दिले आणि निकालात त्यांतल्या एका पेपरपुढे मला गैरहजर दाखवण्यात आले. ते दुरुस्त होऊन सुधारित गुणपत्रिका हातात पडेपर्यंत ६८ दिवस गेले. या काळात परीक्षागृहातल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण आणि बारकोड असलेले उपस्थितीपत्रक यांतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे मला फार जवळून पाहता आले. अशी वेळ आली तेव्हा मला कोणाचाही लिहिलेला अनुभव सापडला नव्हता, म्हणून सगळे क्रमाने लिहून ठेवते आहे.

पेपर ८ मे रोजी होता, वेळ सकाळी ११ ते दुपारी २. नागपुरातल्या मे महिन्याबद्दल वेगळे सांगायला नको. खोलीत आम्ही २४ जण, सहा-सहा बाकांच्या चार रांगा, आणि खिडकीत लावलेला एक मोठा कूलर. माझा बाक दुसऱ्या रांगेतला शेवटचा, म्हणजे बैठक क्रमाने बारावा. माझ्या पुढचा अकरावा बाक रिकामा होता.

उत्तरपत्रिका वाटून झाल्यावर पर्यवेक्षक सर उपस्थितीपत्रक आणि बारकोड स्टिकरचे कागद घेऊन बाकाबाकावर आले. उपस्थितीपत्रकाच्या प्रत्येक ओळीत बैठक क्रमांक, नाव, छोटा फोटो आणि छापील बारकोड असतो. पुढच्या रकान्यात आपण उत्तरपत्रिकेचा छापील अनुक्रमांक लिहायचा आणि सही करायची. स्टिकर वेगळ्या कागदावर, त्याच क्रमाने असतात. सर आपल्या क्रमांकाचे स्टिकर सोलून उत्तरपत्रिकेवर चिकटवतात, आणि आपण हाताने लिहिलेल्या बैठक क्रमांकावर एक अपारदर्शक चकचकीत स्टिकर लावून तो झाकून टाकतात. तपासणाऱ्याला उत्तरपत्रिका कोणाची आहे हे कळू नये, एवढ्यासाठी ही सगळी योजना. त्याच्यापुढे फक्त बारकोड येतो, आणि बारकोडवरून विद्यार्थी कोण हे गुण भरून झाल्यानंतर संगणकात उलगडते.

सर माझ्या बाकाशी आले तेव्हा कूलरच्या वाऱ्याने स्टिकरचा कागद सारखा उडत होता. त्यांनी डाव्या हाताच्या कोपराने तो माझ्या बाकावर दाबून धरला, उजव्या हाताने एक स्टिकर सोलले आणि माझ्या उत्तरपत्रिकेवर अंगठ्याने दाबून बसवले. मी त्याकडे पाहिले, पण त्यात वाचण्यासारखे काही नव्हते. उभ्या काळ्या रेघा आणि खाली एक लांबलचक आकडा, ज्याचा माझ्या बैठक क्रमांकाशी वरवर काही संबंध दिसत नाही. हॉलतिकिटावर प्रत्येक पेपरपुढे उत्तरपत्रिकेचा अनुक्रमांक लिहून पर्यवेक्षकांची सही घ्यायचा रकाना होता, तो मी भरून घेतला. शेवटचे चार आकडे ७३१८. दोनच्या घंटेनंतर उत्तरपत्रिका सरांच्या हातात दिली आणि बाहेर पडले.

निकाल २७ जून रोजी लागला. पाच विषयांत उत्तीर्ण, आणि त्या एका विषयापुढे `AB`. आईने दोनदा विचारले, ‘तू तो पेपर दिला होतास ना गं?’ तिचा माझ्यावर विश्वास नव्हता असे नाही, पण स्क्रीनवरच्या त्या दोन अक्षरांचा परिणाम असा असतो की क्षणभर मलाही माझी खात्री वाटेनाशी झाली. बाबांनी कपाटातून हॉलतिकीट काढले आणि त्यावरची सही पाहिली, तेव्हा घर थोडे शांत झाले.

२८ जून रोजी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात अर्ज दिला, सोबत हॉलतिकिटाची झेरॉक्स. तिथल्या मॅडमनी प्राचार्यांच्या सहीने तो पुढे पाठवला आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून शिक्का मारून दिला. हा शिक्का मारलेला कागद प्रत्येक वेळी आणि प्रत्येक अर्जावर मागून घ्यावा, कारण पुढे सुनावणीत ‘अर्ज केव्हा केला’ हा प्रश्न मला तीनदा विचारला गेला. ३० जून रोजी परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे मी दोन कागद दिले. पहिला साधा विनंतीअर्ज होता : ८ मेच्या सकाळच्या सत्रातील, अमुक खोलीतील चित्रीकरण या प्रकरणाचा निर्णय होईपर्यंत नष्ट करू नये. दुसरा माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात उपस्थितीपत्रकावरील माझ्या ओळीची प्रत, त्या खोलीतून जमा झालेल्या उत्तरपत्रिकांची संख्या आणि चित्रीकरण अशा तीन गोष्टी मागितल्या. जयप्रकाश नगरहून मेट्रोने सीताबर्डीला उतरून, टायपिंग करून घेऊन, दोन्ही अर्ज देऊन परत यायला दिवस गेला.

चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्यांदा का द्यायचा, हे मला केंद्रावरच्या कॅमेऱ्यांचे काम पाहणाऱ्या दादांनी नंतर समजावून सांगितले. त्यांच्याकडे १६ कॅमेरे एका डीव्हीआरला जोडलेले होते आणि आत ४ टीबीची डिस्क होती. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने सतत नोंद करत असेल तर दिवसाला साधारण २१.६ जीबी जागा लागते, म्हणजे १६ कॅमेऱ्यांना सुमारे ३४६ जीबी. चार टीबी जेमतेम साडेअकरा दिवसांत भरतात, आणि डिस्क भरली की यंत्र कोणालाही न विचारता सर्वांत जुन्या दिवसावर नवी नोंद लिहू लागते. माझा निकाल लागला पेपरनंतर ५० व्या दिवशी. म्हणजे मी निकालाच्या दिवशीच केंद्रावर धावत गेले असते तरी तिथे ८ मे शिल्लक नव्हता. वाचले ते एवढ्यामुळे की त्या परीक्षेत प्रत्येक सत्रानंतर चित्रीकरणाची प्रत हार्ड डिस्कवर घेऊन संस्थेकडे जमा करायची सूचना होती. सगळीकडे अशी सूचना असतेच असे नाही. म्हणून पेपरच्या वेळी खोलीत काहीही वावगे घडले, उत्तरपत्रिका उशिरा मिळाली, कोणी हिसकावली, चुकीचा आरोप झाला, तर त्याच दिवशी केंद्रप्रमुखांकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिच्यात खोली क्रमांक, वेळ व चित्रीकरण राखून ठेवण्याची मागणी स्पष्ट लिहावी. निकालाची वाट पाहू नये.

मला वाटले होते की चूक झाली म्हणून कोणी तरी पत्र पाठवेल. आले ते ९ जुलैचे वेगळेच पत्र. ‘उपस्थितीपत्रकावर आपली स्वाक्षरी आढळून येते, तथापि आपली उत्तरपत्रिका मूल्यांकन केंद्रात प्राप्त झालेली नाही. सबब उत्तरपत्रिका परीक्षागृहाबाहेर नेल्याबाबत आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सादर करावा.’ सुनावणी ५ ऑगस्टला, गैरप्रकार चौकशी समितीसमोर. मी हजर होते हे संस्थेला मान्य होते, पण त्यामुळे माझी बाजू बळकट होण्याऐवजी मीच आरोपी झाले होते. आरोप सिद्ध झाला असता तर त्या सत्रातले सगळेच पेपर रद्द होऊ शकत होते. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही.

संगणकाने हे असे का मानले, ते समजायला मला वेळ लागला. मूल्यांकन केंद्रात प्रत्येक उत्तरपत्रिकेचा फक्त बारकोड वाचला जातो. माझ्या बारकोडची एकही उत्तरपत्रिका तिथे वाचली गेली नव्हती, म्हणून गुणांची जागा रिकामी राहिली आणि निकालात गैरहजर असे आले. नंतर माझ्या अर्जामुळे उपस्थितीपत्रक पाहिले गेले, तिथे सही सापडली, आणि सही आहे पण उत्तरपत्रिका नाही याचा एकच अर्थ लावला गेला.

माहिती अधिकाराचे उत्तर २२ जुलै रोजी, म्हणजे २२ व्या दिवशी आले. दोन रुपये पानाप्रमाणे शुल्क भरून उपस्थितीपत्रकाच्या पानाची प्रत मिळाली. इतरांची नावे आणि सह्या झाकलेल्या होत्या, बैठक क्रमांक मात्र दिसत होते. चित्रीकरणाची प्रत नाकारली होती, कारण त्यात इतर परीक्षार्थी दिसतात, आणि त्यासाठी कलम ८(१)(ञ) दाखवले होते. मात्र सुनावणीच्या वेळी ते पाहता येईल असे लिहिले होते, म्हणून मी पहिले अपील केले नाही. जमा उत्तरपत्रिकांची संख्या होती २३.

या २३ वर मी दोन दिवस विचार करत होते. खोलीत २४ जण अपेक्षित, एक गैरहजर, म्हणजे २३ हजर. मी उत्तरपत्रिका बाहेर नेली असती तर जमा २२ व्हायला हव्या होत्या. मग तेविसावी कोणाची? खुलाशात मी हाच प्रश्न लिहिला, हॉलतिकिटावरचा आणि उपस्थितीपत्रकावरचा ७३१८ हा अनुक्रमांक एकच असल्याचे दाखवले, आणि तो अनुक्रमांक असलेली उत्तरपत्रिका शोधावी अशी विनंती केली.

माझे मावसकाका सिव्हिल लाइन्समध्ये, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतात. त्यांनी खुलासा वाचला आणि एक वाक्य घालायला सांगितले : चित्रीकरणाची जी प्रत समिती पाहणार आहे, तिच्यासोबत ती प्रत काढणाऱ्याचे प्रमाणपत्रही जोडावे. त्यांनी जालन्याच्या निवडणुकीचा खटला सांगितला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर आला, आणि ते कायदेशीर प्रमाणपत्राशिवाय वाचता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच समोर आणले तर गोष्ट वेगळी, पण प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला संकेतांक, हीही लिहावी लागते. फाइलमधले एक दृश्य जरी बदलले तरी ही किंमत बदलते, त्यामुळे मेमध्ये जमा झालेली प्रत आणि ऑगस्टमध्ये पाहिलेली प्रत एकच आहे का, हे तपासता येते. काका म्हणाले, ‘समिती काही कोर्ट नाही, तिथे याची सक्ती कोणी करणार नाही. पण उद्या प्रकरण इकडे आले तर कागद आधीपासून फाइलमध्ये असलेला बरा.’

५ ऑगस्टला बाबा आणि मी साडेदहालाच पोचलो. बाहेरच्या बाकावर एक मुलगा आणि त्याची आई बसली होती. काकूंनी मला विचारले, ‘तुमचं काय प्रकरण आहे बेटा?’ मी नोटीस दाखवली. त्यांनी त्यांची दाखवली. त्यावर लिहिले होते की सदर परीक्षार्थी केंद्राच्या अहवालानुसार अनुपस्थित असताना त्याच्या बारकोडची उत्तरपत्रिका प्राप्त झाली आहे, तरी तोतया परीक्षार्थी बसवल्याबाबत खुलासा करावा. त्याच्या बैठक क्रमांकाचा शेवटचा आकडा माझ्यापेक्षा एकने कमी होता. तोच अकरावा बाक. उन्हाचा त्रास होऊन ७ ते १० मे तो दवाखान्यात भरती होता, आणि डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने छातीशी धरले होते. एकाच खोलीतली एकच चूक दोन टेबलांवर दोन वेगळ्या गुन्ह्यांच्या फाइली होऊन पडली होती, आणि त्या दोन्ही फाइली तोवर कोणी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. आम्ही आत चिठ्ठी पाठवली की दोघांची सुनावणी एकत्र घ्यावी. समितीने ते मान्य केले, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे.

आधी चित्रीकरण लावले. कॅमेरा फळ्याच्या वर कोपऱ्यात होता आणि माझा बाक त्याच्यापासून सर्वांत लांब. चेहरा ओळखता येत होता, पण बाकावरचा कागद म्हणजे नुसता पांढरा चौकोन. अनुक्रमांक सोडा, उत्तरपत्रिका आहे की पुरवणी हेही सांगता येत नव्हते. कॅमेरा आकडे वाचून दाखवेल असे मला वाटत होते, ते तिथेच संपले.

दुसरी अडचण वेळेची निघाली. पडद्यावर मी उत्तरपत्रिका देताना २ वाजून ८ मिनिटे दिसत होती, आणि एका सदस्यांनी लगेच विचारले की वेळ संपल्यावर आठ मिनिटे काय चालले होते. केंद्रप्रमुखांनी तेव्हा प्रश्नपत्रिकांच्या पाकिटाची नोंदवही काढली. पाकीट खोलीत दोन परीक्षार्थींच्या सह्या घेऊन १०.५० ला फोडल्याची त्यात नोंद होती. तोच प्रसंग पडद्यावर १०.५७ ला दिसत होता. म्हणजे डीव्हीआरचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते, आणि माझी खरी वेळ २ वाजून १ मिनिट. अशा यंत्रांची घड्याळे हाताने लावलेली असली की हळूहळू सरकतात. म्हणून चित्रीकरणातली कोणतीही वेळ मान्य करण्यापूर्वी, कागदावर स्वतंत्र नोंद असलेला एखादा प्रसंग त्यात शोधून फरक काढून घ्यावा.

एवढे झाल्यावर कॅमेऱ्याने जे सांगितले ते मात्र निर्विवाद होते. अकरावा बाक तीन तास रिकामा होता. मी उत्तरपत्रिका सरांच्या हातात दिली, त्यांनी ती गठ्ठ्यावर ठेवली, आणि मी पाण्याची बाटली व कंपास घेऊन बाहेर पडले. सरांनी गठ्ठा दोनदा मोजला.

मग कागद आले. उपस्थितीपत्रकाच्या एका पानावर १२ ओळी होत्या. माझी ओळ पहिल्या पानावरची शेवटची, आणि त्या मुलाची तिच्या वरची. स्टिकरचा कागदही तसाच बारा-बाराचा. पर्यवेक्षक सरांनी रिकामा बाक ओलांडून माझ्यापाशी आल्यावर कागदावरचे पुढचे न सोललेले स्टिकर, म्हणजे अकराव्याचे, काढून माझ्या उत्तरपत्रिकेवर लावले होते. एरवी ही चूक पुढच्या प्रत्येकाला लागत गेली असती आणि शेवटी लक्षात आली असती. पण माझ्यानंतर पान संपले, तेराव्यासाठी नवा कागद आला आणि क्रम आपोआप सुधारला. साडेअकराला गैरहजरांची नोंद करताना सरांनी अकराव्या ओळीत लाल शाईने बरोबर नोंद केली. पहिल्या कागदावर एक स्टिकर उरले होते आणि एकच जण गैरहजर होता, तेव्हा हिशेब जुळला. उरलेल्या स्टिकरवर त्यांनी लाल फुली मारली. ते स्टिकर माझे होते.

ही फुली मी डोळ्यांनी पाहिली. फुलीखाली, स्टिकरच्या बाहेर कागदावर अगदी बारीक छपाईत, माझा बैठक क्रमांक होता.

बारकोडबद्दलची माझी समजूत इथे बदलली. बारकोडमध्ये बहुधा एक तपासणी अंक असतो, आणि त्यामुळे यंत्राकडून रेघा वाचताना झालेली चूक पकडली जाते. पण नीट छापलेले स्टिकर चुकीच्या कागदावर लागले तर यंत्राच्या दृष्टीने सगळे बरोबरच असते. मोजणीही तिथे उपयोगाची नाही, कारण संख्या २३ च राहते. ती चूक पकडायची तर उपस्थितीपत्रकावर हाताने लिहिलेला उत्तरपत्रिकेचा अनुक्रमांक आणि बारकोड यांची ओळीओळीने जुळवणी करावी लागते, आणि ती निकालापूर्वी कोणी केलेली नव्हती.

त्या मुलाच्या बारकोडवरून उत्तरपत्रिका गोदामातून आधीच मागवून ठेवली होती, कारण ती त्याच्याविरुद्धचा पुरावा होती. अध्यक्षांनी आधी छापील अनुक्रमांक मोठ्याने वाचला. शेवटी ७३१८. मग सर्वांसमोर एका लिपिक दादांनी पातळ पट्टीने तो चकचकीत स्टिकर कडेने उचलला. तो अखंड निघाला नाही, तुकड्या-तुकड्यांनी निघाला, आणि खाली निळ्या शाईत माझ्या अक्षरात माझा बैठक क्रमांक होता. माझ्या अक्षराचा नमुना तिथेच घेतला गेला. पर्यवेक्षक सर आमच्या समोरच बसले होते. ते उठून म्हणाले, ‘चूक माझी आहे, या मुलांची नाही,’ आणि तसे लिहून दिले. मला त्यांचा राग आला नाही. उडणारा कागद कोपराने दाबून धरलेला मला आठवत होता, आणि तोच प्रसंग त्या दिवशी सगळ्यांनी पडद्यावरही पाहिला होता.

आदेश २१ ऑगस्टला निघाला. दोन्ही नोटिसा रद्द, उत्तरपत्रिकेचा बारकोड माझ्या क्रमांकाशी जोडण्याचे निर्देश, आणि त्या मुलाची नोंद पूर्वीप्रमाणे अनुपस्थित. सुधारित गुणपत्रिका ३ सप्टेंबरला मिळाली, त्या विषयात १०० पैकी ६१ गुण. या सगळ्यात माझे शुल्क, झेरॉक्स, टायपिंग आणि येण्याजाण्याचे मिळून सहाशे रुपयांच्या आसपास गेले. एम.कॉम.च्या प्रवेशाची पहिली फेरी मात्र हुकली, आणि त्याची भरपाई मागण्याची काही सोय मला सापडली नाही. दुसऱ्या फेरीसाठी मी समितीच्या आदेशाची साक्षांकित प्रत गुणपत्रिकेला जोडली, कारण मूळ निकालाच्या ऑनलाइन पानावर त्यानंतरही काही दिवस `AB` दिसत होते आणि पडताळणी करणाऱ्या मॅडमनी नेमके तेच पान उघडले.

त्या मुलाने हिवाळी परीक्षेत तो पेपर दिला. पेपरच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला होता, हॉलतिकिटावरच्या त्या रकान्यात नक्की कोणता क्रमांक लिहायचा ते विचारायला. मी त्याला माझ्या हॉलतिकिटाचा फोटो पाठवला.